चौथा सौदा

निफ्टीच्या ऑप्शनमध्ये रोज खरेदी-विक्री करणाऱ्या एखाद्याच्या वाईट दिवसाचं ट्रेडबुक समोर घ्या आणि वेळेच्या क्रमाने वाचत जा. सकाळचे दोन-तीन सौदे एकमेकांसारखे दिसतात. एकेक लॉट, ठरलेला स्टॉपलॉस, दीड-दोन हजारांचा तोटा. मग एक जागा येते आणि तिथून वहीचा नूरच पालटतो. एका लॉटचे चार होतात. दोन सौद्यांमधलं अर्ध्या तासाचं अंतर पाच मिनिटांवर येतं. स्टॉपलॉसची ऑर्डर दिसेनाशी होते. महिनाभर डोक्यात राहणारा तोटा बहुतेक वेळा या जागेच्या पुढे झालेला असतो.

बाजारात याला ‘रिव्हेंज ट्रेडिंग’ म्हणतात. सूड कुणावर, तर ज्या बाजाराने पैसे नेले त्याच्यावर. बाजाराला त्याची खबरही नसते. या वागण्यावर अनेक उपाय सांगितले जातात: ध्यान करा, शांत राहा, भावना बाजूला ठेवा. मला त्यातला एकच उपाय खरा वाटतो आणि तो अगदी रुक्ष आहे. दिवसाच्या तोट्याची एक रक्कम आदल्या रात्रीच ठरवायची. ती गाठली की त्या दिवसाचा धंदा बंद, मग पुढची संधी कितीही चांगली दिसो. इंग्रजी बोलणारे याला ‘डेली लॉस लिमिट’ म्हणतात. ब्रोकर, प्रॉपरायटरी डेस्क आणि मोठ्या बँकांच्या ट्रेडिंग रूममध्ये हा नियम नोकरीच्या अटीसारखा असतो. घरून सौदे करणाऱ्या माणसाला मात्र तो स्वतःच स्वतःवर लावावा लागतो आणि खरी अडचण तिथेच आहे.

हा नियम नेमकं काय वाचवतो, ते एका दिवसाच्या हिशेबातून पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण ते २०२५ सालच्या बाजाराला धरून आहेत. त्या वर्षी निफ्टीचा एक लॉट ७५ चा होता. कॉल घेतला की निफ्टी वर गेल्यावर फायदा, पुट घेतला की खाली आल्यावर. ऑप्शनची किंमत म्हणजे प्रीमियम. प्रीमियम शंभर रुपये असेल तर एका लॉटला साडेसात हजार मोजावे लागतात.

समजा, एकाचं भांडवल दोन लाख आहे. एका सौद्यात २० पॉइंटपर्यंतच तोटा घ्यायचा, म्हणजे एका लॉटमागे पंधराशे रुपये, असं त्याने ठरवलंय. दिवसाची मर्यादा पाच हजार. तीन तोटे मिळून साडेचार हजार, आणि वरचे पाचशे ब्रोकरेज, कर आणि भाव निसटण्यासाठी.

दिवस एक्स्पायरीचा. सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी त्याने ११८ ला कॉल घेतला. बाजार उलटा आला, ९८ ला स्टॉपलॉस लागला. पंधराशे गेले. पावणेदहाच्या सुमारास बाजार खालीच चाललाय असं वाटून १०५ ला पुट घेतला. निफ्टी वर उसळला. ८५ ला बाहेर पडायचं होतं, भाव ८४ मिळाला. १,५७५ गेले. अकराला पुन्हा कॉल, ९६ ला घेऊन ७७ ला विकला, १,४२५ गेले. तिन्ही मिळून साडेचार हजार. प्रत्येक सौद्याचा ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचं शुल्क आणि जीएसटी धरून साठेक रुपये खर्च, म्हणजे एकूण ४,६८०. मर्यादेत ३२० रुपये उरले. आणखी एका सौद्याला पंधराशेची जोखीम लागते, तेवढी जागाच नाही. नियमाप्रमाणे सव्वाअकराला दिवस संपला.

या तीन सौद्यांत चूक शोधू नये. दिशा चुकली, स्टॉपलॉस लागला, बाहेर पडला. हा धंद्याचा खर्च आहे. ज्याचे शंभरातले पंचावन्न सौदे तोट्यात जातात आणि पंचेचाळीस नफ्यात, त्याच्या वाट्याला सलग तीन तोटे किती वेळा येतील? ०.५५ ला ०.५५ ने दोनदा गुणा. उत्तर येतं साधारण १७ टक्के. रोज तीनच सौदे घेतले, तरी सहा दिवसांतून एक दिवस असा निघणार, महिन्याला तीनेक. पंचेचाळीस नफ्यातले सौदे मोठे असतील, तर एवढं होऊनही माणूस वर्षाअखेर फायद्यात राहू शकतो. सलग तीन तोटे हे त्याच्या पद्धतीचं अपयश ठरत नाही. नशिबाच्या साध्या चढ-उतारात ते बसतं. पण सव्वाअकरा वाजता टर्मिनलवर लाल अक्षरात ४,६८० दिसत असताना हा १७ टक्क्यांचा हिशेब आठवत नाही. त्या वेळी आठवतं ते एवढंच, की आज तिन्ही वेळा बाजाराने मला उलटं पाडलं.

आता नियम नसताना काय होतं ते पाहू. सव्वाअकरानंतर पाच मिनिटांत तो पुट घेतो, भाव ९०. या वेळी चार लॉट. चारच का? इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा या चार आकड्यात आहे. एका लॉटवर ४,६८० परत मिळवायचे, तर प्रीमियम ६२ पॉइंट वाढायला हवा. एक्स्पायरीच्या दुपारी ते अवघड आहे. चार लॉट घेतले तर साडेपंधरा पॉइंट पुरतात, आणि तेवढे तर दहा मिनिटांतही मिळतात. या सौद्याचा आकार झालेल्या तोट्याला चारने भागून आला. निफ्टी कुठे आहे, हालचाल केवढी आहे, भांडवल किती आहे, यातल्या कशाशीही त्याचा संबंध नाही. सकाळचा पहिला सौदा ‘बाजार इथून वर जाईल का’ या प्रश्नाचं उत्तर होतं. चौथा सौदा ‘माझे पैसे कसे परत येतील’ या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाजारात कुठेच लिहिलेलं नसतं.

स्टॉपलॉस लावलेला नाही. लावला, तर चार लॉटवर २० पॉइंटचा तोटा म्हणजे आणखी सहा हजार, आणि तो आकडा त्याला पाहवत नाही. दुपारी बाजार एका जागी रेंगाळतो. एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शनमधली वेळेची किंमत तासागणिक विरत जाते, त्यामुळे निफ्टी जागचा हलला नाही तरी प्रीमियम उतरत राहतो. पाऊणच्या आत भाव ७२ वर. आता तो अ‍ॅव्हरेज करतो, आणखी चार लॉट. सहाशे ऑप्शनची सरासरी ८१ वर येते. दोनच्या आधी भाव ५५. इथे तो सगळं विकतो. सहाशेवर २६ पॉइंट, म्हणजे १५,६०० रुपये.

आता दिवसाचा तोटा वीस हजारांच्या पुढे गेलाय आणि बाजार संपायला दीड तास उरलाय. इथून खेळला जातो तो ‘हीरो-झिरो’. बाजारभावापासून लांबचा, दहा-बारा रुपयांचा ऑप्शन घ्यायचा. निफ्टीने शेवटच्या तासात शंभर पॉइंटची उडी घेतली तर बाराचे पन्नास-साठ होतात, नाही घेतली तर शून्य. तो बाराच्या भावाने वीस लॉट घेतो, अठरा हजारांचे. सव्वातीनला ते दोन रुपयांना विकतो. आणखी पंधरा हजार गेले. खर्च धरून दिवसाचा तोटा साडेपस्तीस हजारांच्या आसपास.

त्यातले सकाळच्या तीन सौद्यांचे ४,६८०. बाकीचे तीस हजारांहून जास्त सव्वाअकरानंतरचे. नियम पाळला असता तर भांडवलाचे सव्वादोन टक्क्यांहून थोडे जास्त गेले असते आणि ते भरून काढायला २.४ टक्के कमवावे लागले असते. आता पावणेअठरा टक्के गेले, आणि उरलेल्या पैशांवर साडेएकवीस टक्क्यांहून जास्त कमावल्याशिवाय माणूस दोन लाखांवर परतत नाही. पाच हजारांच्या मर्यादेचे सात दिवस त्याने एका दुपारी खर्च केले.

माणूस असं का वागतो, याचं बरंचसं उत्तर मानसशास्त्राने दिलेलं आहे. १९७९ साली डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’ मांडली. तिच्यातला एक धागा इथे थेट लागू पडतो. माणूस आपली संपत्ती एकूण किती आहे ते मोजत नाही, कुठल्या तरी एका रेषेपासून आपण वर आहोत की खाली, हे मोजतो. रेषेच्या वर असताना तो सांभाळून वागतो. खाली असताना मात्र रेषेवर परत नेऊ शकेल अशी जोखीम त्याला आकर्षक वाटते, एरवी तो जिच्याकडे पाहणारही नाही अशी. रोज सौदे करणाऱ्याची रेषा म्हणजे सकाळी सव्वानऊचा शून्य. टर्मिनलच्या कोपऱ्यातला दिवसाचा नफा-तोटा रोज त्या शून्यापासून सुरू होतो आणि दिवसभर त्याला सांगत राहतो, की तू किती खाली आहेस. घोड्यांच्या शर्यतीत दिवसाच्या शेवटच्या शर्यतीला बिनभरवशाच्या घोड्यांवर जास्त पैसे लागतात, याची दखलही या दोघांनी घेतली होती. दिवसभर हरलेल्याला छोट्या जिंकण्याचा उपयोग नसतो, त्याला एका फटक्यात शून्यावर यायचं असतं. हीरो-झिरोचा सौदा म्हणजे तीच शेवटची शर्यत.

हे फक्त नवख्यांचं दुखणं आहे, असं कुणी समजू नये. जोशुआ कोव्हल आणि टायलर शमवे या दोन अभ्यासकांनी शिकागोच्या बोर्ड ऑफ ट्रेडवरच्या १९९८ सालच्या नोंदी तपासल्या. तिथे अमेरिकी सरकारी रोख्यांच्या फ्युचर्समध्ये स्वतःच्या पैशांनी सौदे करणारे व्यावसायिक होते, रिंगणात उभे राहून रोज हेच काम करणारे. सकाळी तोटा झालेल्यांनी दुपारी नेहमीपेक्षा जास्त जोखीम घेण्याची शक्यता, सकाळी नफा झालेल्यांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी जास्त निघाली. शिवाय ते घाईने चढ्या भावाने घेत होते आणि पडत्या भावाने विकत होते. त्यांनी हलवलेला भाव थोड्या वेळाने मूळ जागी येत होता, म्हणजे दुसऱ्या बाजूला उभा असलेला शांत माणूस त्यांच्या घाईवर पैसे कमवत होता.

पण मला याहून महत्त्वाचा वाटतो तो अ‍ॅलेक्स इमास यांचा २०१६ सालचा शोधनिबंध. तोट्यानंतर माणूस जास्त जोखीम घेतो की कमी, यावर आधीच्या प्रयोगांची उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. इमास यांनी लोकांना पैसे देऊन एका लॉटरीत फेऱ्यांमागून फेऱ्या खेळायला लावलं. काही फेऱ्या झाल्यावर हरलेल्यांपैकी काही जणांकडून हरलेली रक्कम प्रत्यक्ष काढून घेतली. बाकीच्यांचा तोटा नुसता नोंदीवर राहिला. पुढच्या फेरीत, ज्यांनी पैसे हातातून दिले होते त्यांनी पैज लहान केली. ज्यांचा तोटा कागदावरच होता त्यांनी ती वाढवली. तोटा तेवढाच होता. फरक पडला तो खातं मिटलं की उघडं राहिलं, एवढ्यानेच.

दिवसाच्या मर्यादेचं काम मला या प्रयोगामुळे नीट कळतं. सव्वाअकराला स्टॉपलॉस लागून सौदा बंद झाला तरी माणसाच्या मनात खातं उघडंच असतं. बाजार साडेतीनपर्यंत आहे, पैसे त्याच खात्यात आहेत, आकडा अजून बदलू शकतो. ‘आजचा दिवस अजून गेलेला नाही’ हेच तर चार लॉट घेणाऱ्याचं म्हणणं असतं. नियम येऊन सांगतो, की गेला, आजचं खातं ४,६८० तोट्यावर बंद झालं. उद्याची रेषा उद्या सकाळी पुन्हा शून्यावर असेल, पण त्या दोन शून्यांच्या मध्ये एक रात्र आहे. मर्यादा एवढी साधी असूनही काम करते ती या बंद करण्यामुळे.

यातूनच नियम कसा लिहायचा तेही ठरतं. बरेच जण मर्यादा धरतात ती फक्त बंद झालेल्या सौद्यांच्या तोट्यावर. मग काय होतं, तर मर्यादा जवळ आली की माणूस तोट्यातला सौदा बंदच करत नाही. उघडा ठेवला की तो मोजला जात नाही, आणि मोजला गेला नाही की दिवस चालू राहतो. ज्या नियमाने लहान तोट्यावर थांबवायचं, तोच नियम मोठा तोटा उराशी धरून बसायला शिकवतो. म्हणून मर्यादेत उघड्या पोझिशनचा त्या क्षणीचा तोटा आणि सगळा खर्च धरलाच पाहिजे. आणि उरलेली रक्कम एका सौद्याच्या जोखमीपेक्षा कमी झाली की दिवस संपला. आपल्या उदाहरणात ३२० रुपये उरले होते. त्या ३२० मध्ये बसवण्यासाठी चार पॉइंटचा स्टॉपलॉस लावून आणखी एक सौदा काढणं, ही पळवाट झाली. चार पॉइंट तर भावाच्या साध्या थरथरीतही जातात.

रक्कम किती असावी? ‘भांडवलाच्या दोन टक्के’ असं सरसकट सांगणं मला पटत नाही. आधी एका सौद्याची जोखीम ठरवा, मग त्या आकाराचे किती तोटे पचवून तुम्ही चौथा सौदा पहिल्यासारखा घेऊ शकता, ते बघा. बहुतेकांचं उत्तर दोन किंवा तीन येतं. दोनवर थांबलं तर वरच्याच हिशेबाने तिसऱ्या-चौथ्या दिवसाला दुकान लवकर बंद होईल, आणि ज्याच्या पद्धतीत खरंच दम आहे त्याचे चांगले सौदेही हुकतील. सहावर ठेवलं तर नियम फार क्वचित लागू होईल, पण तोवर डोकं केव्हाच फिरलेलं असेल. दुसरी कसोटी आपल्याच चांगल्या दिवसांची. नफ्याच्या दिवशी सरासरी चार हजार मिळत असतील आणि मर्यादा दहा हजारांची ठेवली, तर एका वाईट दिवसाने अडीच चांगले दिवस खाल्ले. मर्यादा चांगल्या दिवसाच्या कमाईच्या फार पुढे जाऊ नये.

एक तांत्रिक गोष्टही लक्षात ठेवायला हवी. एनएसईने सप्टेंबर २०२१ मध्ये ऑप्शनसाठी स्टॉपलॉस-मार्केट प्रकारची ऑर्डर बंद केली. आता स्टॉपलॉसला किमान भाव द्यावा लागतो. बाजार एका झटक्यात त्या भावाच्या खाली गेला तर ऑर्डर तशीच लटकत राहते आणि आपण आत अडकतो. म्हणून ट्रिगर आणि विक्रीचा भाव यांच्यात थोडं अंतर सोडावं, आणि मर्यादेत त्यासाठी पैसे राखावेत. उदाहरणातले वरचे पाचशे त्यासाठीच होते.

हे सगळं आदल्या रात्री वहीत लिहिणं सोपं आहे. सव्वाअकराला पाळणं सोपं नाही, कारण नियम लिहिणारा आणि मोडणारा एकच माणूस आहे आणि मोडणारा त्या क्षणी जास्त तापलेला आहे. मोठ्या संस्थांमध्ये हे काम दुसऱ्याकडे देतात. मर्यादा गाठली की जोखीम सांभाळणारा अधिकारी पोझिशन बंद करायला लावतो आणि ट्रेडर घरी जातो. ही विभागणी नसली तर काय होतं, त्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे बॅरिंग्ज बँक. निक लीसन सिंगापूरमध्ये त्या बँकेचे सौदे करत होता आणि त्या सौद्यांचा हिशेब ठेवणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात लपवत गेला. १९९४ च्या अखेरीस लपवलेला तोटा सुमारे २०.८ कोटी पौंड होता. १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला, जपानचा निक्केई घसरला आणि लीसनने घसरत्या निक्केईत खरेदी आणखी वाढवली. फेब्रुवारीअखेर तोटा ८२.७ कोटी पौंडांवर गेला आणि १७६२ साली सुरू झालेली बँक बुडाली. अनेक महिन्यांत जेवढं गेलं त्याच्या तिप्पट शेवटच्या दोन महिन्यांत गेलं. दोन लाखांच्या खात्यातल्या आपल्या दुपारचा साचा हाच आहे.

घरी बसून सौदे करणाऱ्याकडे जोखीम अधिकारी नसतो, पण त्याच्या जागी काही गोष्टी ठेवता येतात. अनेक भारतीय ब्रोकरकडे आता ‘किल स्विच’ची सोय आहे. झिरोधामध्ये पोझिशन बंद करून हा स्विच दाबला, की त्या सेगमेंटमधले सौदे किमान १२ तास पुन्हा सुरू करता येत नाहीत. हे १२ तास मोलाचे, कारण पंधरा मिनिटांनी मन बदललं तरी उपयोग नसतो. अर्थात दाबायचा आपणच. म्हणून तिसरा तोटा झाल्यावर स्विच दाबायचा की नाही यावर विचार करत बसू नये, तिसऱ्या सौद्यातून बाहेर पडण्याच्याच हालचालीत तोही दाबून टाकावा. काही ब्रोकरकडे ठरावीक तोट्यावर आपोआप लागू होणारी सोय आहे. ती असेल तर सकाळी, बाजार उघडण्याआधी लावावी.

आणि पळवाटा बुजवाव्या लागतात, कारण त्या आधीपासूनच उघड्या असतात. दुसऱ्या ब्रोकरकडचं खातं. बायकोच्या नावाचं डीमॅट. यूपीआयने अर्ध्या मिनिटात खात्यात येणारे पैसे. आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे संध्याकाळचं एमसीएक्स. दुपारी निफ्टीत हरलेला माणूस रात्री क्रूड ऑइलमध्ये भरपाई शोधत बसतो, कारण तो बाजार रात्री उशिरापर्यंत चालू असतो. मर्यादा दिवसाची असेल तर ती माणसाची हवी, एका सेगमेंटची नाही. ज्याला क्रूडचा अभ्यास नाही त्याने तो सेगमेंट चालूच करू नये. ट्रेडिंग खात्यात आठवड्याला लागेल तेवढीच रक्कम ठेवून बाकीची वेगळ्या बँकेत ठेवणं, हाही चांगला अडसर आहे. घरातल्या एका माणसाला मर्यादेचा आकडा सांगून ठेवला तर त्याचा उपयोग होतो. त्याने थांबवण्याची गरज नसते, त्याला संध्याकाळी आकडा सांगायचा आहे, एवढ्यानेच दुपारचा हात आवरतो.

या नियमाकडून काय अपेक्षा ठेवू नये, तेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. तो तोट्याच्या पद्धतीला नफ्यात आणत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात असल्याचं दिसलं, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. एवढा सगळा तोटा सुडाच्या सौद्यांनी झाला, असं कुणी म्हणू शकणार नाही. ज्याच्या सौद्यांची सरासरीच वजा आहे, तो रोज मर्यादा पाळूनही हरेल. फक्त हळू हरेल, आणि आपण का हरतो ते समजायला त्याला वेळ मिळेल. याची किंमतही थोडी नाही. पण त्यासाठी एक आठवड्याची मर्यादाही हवी. सलग तीन दिवस पाच-पाच हजार गेले, तर प्रश्न दुपारच्या रागाचा राहत नाही, पद्धतीचा होतो, आणि तो टर्मिनल बंद करून सोडवायचा असतो.

ऑप्शन विकून रात्रभर पोझिशन ठेवणाऱ्यालाही ही मर्यादा फारशी उपयोगी नाही. बाजार रात्री बंद असताना जे घडतं, त्याचा तोटा सकाळी एकदम समोर येतो आणि मर्यादेला मध्ये पडायला वेळच मिळत नाही. तिथे जोखीम आदल्या दिवशीच, पोझिशनच्या आकारात आणि दुसऱ्या बाजूला घेतलेल्या ऑप्शनमध्ये बांधावी लागते.

या नियमाची किंमतही मोजावी लागते. काही दिवशी चौथा सौदा खरंच सुंदर निघाला असता आणि आपण पाहत राहिलो, असं होणारच. सगळे सौदे यंत्र घेत असेल, तर आधीच्या तीन तोट्यांमुळे चौथ्याची शक्यता बिघडत नाही, आणि यंत्राला थांबवण्याचं कारणही फारसं नाही. माणसाच्या बाबतीत मात्र चौथा सौदा घेणारा तोच उरलेला नसतो. तुम्ही चौथ्याला बदलता की नाही, हे कुणाच्या सल्ल्यावर सोडायचं कारण नाही. तुमच्या ब्रोकरकडून वर्षभराचं ट्रेडबुक डाउनलोड करून घ्या. ज्या दिवशी पहिले तीन सौदे तोट्यात गेले ते दिवस वेगळे काढा. त्या दिवशीच्या फक्त चौथ्या सौद्यापासून पुढच्या सौद्यांचा नफा-तोटा, खर्च वजा करून, एका रकान्यात मांडा. शेजारच्या रकान्यात त्या प्रत्येक सौद्यात किती लॉट होते ते लिहा, आणि त्याच्या शेजारी त्याच दिवशीच्या पहिल्या सौद्यात किती होते ते. पहिल्या रकान्याची बेरीज अधिक आली आणि लॉटचे दोन रकाने सारखे दिसले, तर तुमची मर्यादा थोडी सैल ठेवायला हरकत नाही. बेरीज वजा आली, तर वर्षभर या नियमाशिवाय काम करण्यासाठी तुम्ही किती पैसे मोजलेत, ते त्या बेरजेतच दिसेल.